विश्लेषण : भाड्याच्या घरात भिंतीला ओल, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, भाड्यातून किती कापता येतो?

पावसाळा सुरू झाला की भाड्याच्या घरांत एकच वाद ठरलेला असतो. भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते. घरमालक म्हणतो, ‘पाऊस संपला की बघू’. सोसायटी म्हणते, ‘तुमच्या मालकाला अर्ज द्यायला सांगा’. वरच्या मजल्यावरचे दार उघडत नाही. अशा वेळी राहणाऱ्याच्या मनात येते, की आपणच दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वळता करावा. महाराष्ट्रातील कायद्यात असा अधिकार आहेही. मात्र तो सर्वांना नाही. मुंबई, ठाणे, पुण्यात आज ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या बहुतेकांना तो थेट मिळत नाही. हा फरक काय आहे, आणि हातात नक्की काय उरते, याचा हा आढावा.

सगळे करारावर का अवलंबून?

बोलताना आपण भाडेकरू हा एकच शब्द वापरतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र घर भाड्याने घेणारे दोन प्रकारचे असतात. पहिला खऱ्या अर्थाने भाडेकरू. जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबे यात मोडतात. त्यांना ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’चे संरक्षण असते. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

दुसरा प्रकार ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांचा. या करारात मालक घराचा ताबा भाड्याने देत नाही, तर ठरावीक काळ तिथे राहण्याची परवानगी देतो. दरमहा दिली जाणारी रक्कमही कागदोपत्री भाडे नसते, ते परवानगीचे शुल्क असते. राहणाऱ्याला करारात ‘लायसन्सी’ म्हटलेले असते. नोंदणी कार्यालयात किंवा एजंटकडून घरी बसून केले जाणारे ११, २२ किंवा ३३ महिन्यांचे करार हे या प्रकारचे असतात.

रोजच्या जगण्यात दोघांत फरक जाणवत नाही. छत गळू लागले, की तो एकदम समोर येतो. दुरुस्ती आणि कपातीबाबतचा कायदेशीर अधिकार ‘भाडेकरू’ या शब्दाला जोडलेला आहे आणि लायसन्सी हा कायद्याच्या व्याख्येनुसार भाडेकरू नाही. म्हणून कोणतीही रक्कम कापण्याआधी कराराचे पहिले पान पाहणे गरजेचे आहे.

भाडेकरूला किती रक्कम कापता येते?

भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १४ याबाबत स्पष्ट आहे. भाडेकरूने वेगळे काही मान्य केले नसेल, तर घर चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. मालक दुर्लक्ष करत असेल तर भाडेकरूने त्याला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. ती टपालाने देता येते किंवा अन्य मार्गानेही. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. एकाच इमारतीतील अनेक भाडेकरू एकत्र येऊनही हे करू शकतात. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो.

इथपर्यंत सारे भाडेकरूच्या बाजूचे आहे. पुढे मर्यादा येते. एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही.

या अटीचा परिणाम आकड्यांतून लगेच कळतो. समजा, गिरगावातील एका जुन्या इमारतीत खोलीचे भाडे महिना ६०० रुपये आहे. वर्षाचे भाडे ७ हजार २०० रुपये झाले आणि त्याचा चौथा हिस्सा १ हजार ८०० रुपये. भिंतीचे प्लास्टर काढून नवे करण्यासाठी ४० हजार रुपये लागले, तर ते दरवर्षी १ हजार ८०० रुपयांप्रमाणे फिटायला २२ वर्षांहून अधिक काळ जाईल. अधिकार आहे, पण भाडेच इतके कमी आहे की त्यातून दुरुस्ती फिटत नाही. याउलट महिना २४ हजार रुपये भाडे असेल, तर वर्षाचे २ लाख ८८ हजार आणि चौथा हिस्सा ७२ हजार रुपये होतो. एवढ्यात फ्लॅटमधील ओलीची बहुतेक कामे होतील. पण इतके भाडे देणारा माणूस साधारणपणे लीव्ह अँड लायसन्सवर असतो आणि त्याला कलम १४ लागू होत नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्याचे भाडे अपुरे, आणि ज्याचे भाडे पुरेसे आहे त्याच्याकडे अधिकार नाही, अशी ही विचित्र रचना आहे.

मुंबई शहरातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींना आणखी एक मार्ग असतो. या इमारतींकडून दुरुस्ती उपकर घेतला जातो आणि त्यांच्या संरचनात्मक दुरुस्तीचे काम म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आहे. तिथे तुळया, खांब, जिने किंवा सामाईक भिंतींचा प्रश्न असेल, तर भाड्यातून कपात करत बसण्यापेक्षा मंडळाच्या विभागीय कार्यालयात अर्ज करणे अधिक उपयोगाचे ठरते.

लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांचे काय?

त्यांच्यासाठी करारात जे लिहिले आहे तेच जवळजवळ सर्व काही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार परवानगीचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या बाबींचा निर्णायक पुरावा असतो. चावी देताना मालक ‘पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करून देतो’ असे तोंडी म्हणाला असेल आणि करारात त्याचा उल्लेख नसेल, तर पुढे त्या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही.

प्रचलित मसुद्यात दुरुस्तीविषयी सहसा एकच कलम असते. राहणाऱ्याने घर आहे त्या स्थितीत सांभाळावे, त्याच्याकडून नुकसान झाल्यास स्वखर्चाने भरून द्यावे, नेहमीच्या वापराने होणारी झीज मात्र त्यातून वगळावी, असा त्याचा आशय असतो. हे कलम नीट वाचले तर राहणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट निघते. भरपाई त्याने केलेल्या नुकसानीची आहे. बाहेरच्या भिंतीतून झिरपलेले पावसाचे पाणी किंवा वरच्या न्हाणीघरातून आलेली गळती त्याने केलेली नाही, त्यामुळे तिचा खर्च या कलमाखाली त्याच्यावर टाकता येत नाही. मात्र मालकाने दुरुस्ती किती दिवसांत करावी आणि न केल्यास पैसे कापता येतील का, यावर हे कलम गप्प असते. सगळे वाद या मौनातून उभे राहतात.

१८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात लायसन्सीला थोडा आधार आहे. मालमत्तेत राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष असेल, मालकाला तो ठाऊक असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर तो उघड करणे मालकावर कलम ५७ नुसार बंधनकारक आहे. गेल्या पावसात छताचे प्लास्टर पडले होते आणि मालकाने वर रंग मारून घर दिले, तर हे कलम उपयोगी पडते. नुसत्या डागासाठी किंवा कुबट वासासाठी त्याचा आधार घेणे कठीण आहे, कारण कायदा धोक्याविषयी बोलतो, गैरसोयीविषयी नाही.

करार नोंदवलेलाच नसेल, तर चित्र थोडे बदलते. कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. तशी नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते चुकीचे आहे हे सिद्ध करणे मालकाकडे येते. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. केवळ नोटरी केलेल्या मुद्रांक कागदावर घर देणाऱ्या मालकांच्या हे सहसा लक्षात नसते.

घर एखाद्या मोठ्या कंपनीने कर्मचाऱ्यासाठी घेतले असेल, तर आणखी वेगळे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागांना भाडे नियंत्रण कायदाच लागू नाही. तिथे कंपनीचा करार पाहावा लागतो आणि तक्रारही कंपनीमार्फत करावी लागते.

ओल नेमकी कुठून येते, हे कसे ओळखायचे?

खर्च कोणाचा, हे पाणी कुठून येते यावर ठरते. त्यामुळे मालकाला पत्र लिहिण्याआधी आठवडाभर भिंतीकडे लक्ष ठेवणे फायद्याचे असते. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहावी आणि रोज एक छायाचित्र घ्यावे.

डाग पावसाच्या दिवसांत वाढतो आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की सुकू लागतो, तर पाणी बाहेरून येत आहे. खिडकीच्या चौकटीखाली, बाहेरच्या भिंतीच्या मधल्या भागात किंवा तुळई आणि विटांच्या सांध्यावर अशी ओल दिसते. वरच्या मजल्यावरच्या छताला सगळीकडे ठिपके आले, तर गच्चीचा कोबा किंवा कठड्याचा सांधा सुटलेला असतो.

पाऊस असो वा नसो, डाग तसाच राहतो किंवा हळूहळू वाढतो, तर ती नळजोडणीची किंवा न्हाणीघराची गळती असते. छतावरचा डाग वरच्या न्हाणीघराच्या बरोबर खाली असेल, तर संशय न्हाणीच्या जाळीभोवतीच्या सांध्यावर किंवा लाद्यांच्या फटींवर जातो. इथे एक साधी चाचणी करतात. वरच्या न्हाणीघराचे निचऱ्याचे भोक बंद करून त्यात रंग मिसळलेले थोडे पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवायचे. खाली रंग उतरला, तर प्रश्न मिटला. दाबाच्या पाइपमधून गळती असेल तर सगळे नळ बंद असतानाही ओल वाढत राहते. घराला स्वतंत्र पाणीमीटर असेल तर नळ बंद ठेवून काटा हलतो का, हे पाहता येते.

तिसरा प्रकार राहणाऱ्याच्या सवयींशी जोडलेला असतो. बंद खोलीत कपडे वाळत घालणे, कपाट भिंतीला चिकटवून ठेवणे, न्हाणीघराचा पंखा बंद ठेवणे यामुळे वाफ थंड भिंतीवर बसते आणि काळी बुरशी धरते. यात प्लास्टर फुगत नाही, भिंत पुसली की वरचा थर निघून येतो आणि डाग कोपऱ्यात किंवा फर्निचरमागेच असतो. असे असेल तर मालकाकडून वॉटरप्रूफिंगची मागणी करून उपयोग नाही. खरी ओल असेल तर प्लास्टर पोकळ वाजते, त्यावर पांढरे क्षार येतात आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो.

मालक, सोसायटी की वरचा शेजारी?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी कामांची वाटणी केलेली आहे. इमारतीच्या बाहेरच्या भिंती, गच्ची, कठडा, सामाईक जलवाहिन्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, पावसाच्या पाण्याची गळती, ही कामे सोसायटीने आपल्या खर्चाने करायची असतात. सदनिकेच्या आतील दुरुस्ती ज्या त्या सदस्याने करायची. त्यामुळे वरच्या न्हाणीघरातील लाद्या आणि आतल्या पाइपची गळती ही वरच्या सदनिकेच्या मालकाची जबाबदारी ठरते.

या साखळीत भाड्याने राहणारा कुठेच नाही. तो सोसायटीचा सदस्य नसतो, त्यामुळे समितीकडे अर्ज करणे, वरच्या सदस्याला नोटीस पाठवायला लावणे आणि समिती ढिम्म राहिली तर उपनिबंधकांकडे जाणे, हे सारे घरमालकाने करायचे असते. राहणाऱ्याने समितीला पत्र दिले तरी हरकत नाही, पण त्याची प्रत मालकाला दिली आणि मालकाकडून त्याच विषयाचे पत्र गेले, तरच समितीला त्याची दखल घ्यावी लागते. अनेकदा मालक परगावी किंवा परदेशी असतो. अशा वेळी त्याने राहणाऱ्याला पाठपुराव्यासाठी लेखी अधिकारपत्र दिले तर बरेच दिवस वाचतात.

कपातीच्या अधिकाराची खरी मर्यादा इथे दिसते. भाड्यातून पैसे कापून आपण आपल्या खोलीचे प्लास्टर करू शकतो. दुसऱ्याच्या न्हाणीघराच्या लाद्या उखडू शकत नाही किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला परांची बांधू शकत नाही. मूळ गळती तशीच ठेवून आतून रंग दिला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा सुटतो आणि पैसे वाया गेल्याचा वाद मात्र उरतो.

प्रत्यक्षात हिशेब कसा होतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ठाण्यात सात मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक जोडपे एप्रिलपासून राहते. करार नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सचा, महिना २४ हजार रुपये, अनामत एक लाख. जुलैमध्ये तीन गोष्टी घडतात. बेडरूमच्या खिडकीखाली मोठा डाग पडतो. पॅसेजच्या छताला, वरच्या न्हाणीघराच्या खाली, प्लास्टर फुगते. आणि स्वयंपाकघरातील नळ गळू लागतो.

खिडकीखालचा डाग उघडीप मिळाली की सुकतो. म्हणजे बाहेरच्या भिंतीची भेग. ती बुजवणे सोसायटीचे काम. पॅसेजमधला डाग पाऊस थांबला तरी ओलाच राहतो. रंगीत पाण्याची चाचणी केल्यावर खाली रंग उतरतो. म्हणजे वरच्या मजल्यावरचे काम, जवळपास १८ हजार रुपयांचे, वरच्या सदनिकेच्या मालकाने करायचे. आपल्या पॅसेजचे सुटलेले प्लास्टर काढून नवे करायला आणि रंगाला ९ हजार रुपये सांगितले जातात. हा खर्च घरमालकाचा. तो नंतर वरच्याकडून ते मागू शकतो, पण तो त्या दोघांमधला विषय. नळाचा वॉशर बदलायला दीडशे रुपये, हे रोजच्या वापरातले काम, राहणाऱ्याने करावे.

एवढ्या सगळ्यात भाड्यातून कापण्याजोगी रक्कम फक्त ९ हजारांची. तीही कायद्याने आपोआप कापता येत नाही, मालकाची लेखी संमती हवी. जोडप्याने मालकाला ईमेल पाठवला. त्यात तारखांसह छायाचित्रे, चाचणीचा निष्कर्ष, दोन कारागिरांची अंदाजपत्रके आणि शेवटी एक थेट प्रश्न होता, ‘आपण काम करून देता, की आम्ही करून घेऊन रक्कम ऑक्टोबरच्या भाड्यातून वळती करावी?’ मालकाने ‘वळती करा’ असे उत्तर दिले. या एका ओळीने कायद्यात नसलेला अधिकार दोघांच्या संमतीने तयार झाला. ऑक्टोबरमध्ये १५ हजार रुपये भरताना पावतीवर ‘भाडे २४,०००, पैकी दुरुस्तीपोटी वळते ९,०००, जमा १५,०००’ असे लिहून घेतले. नुसती १५ हजारांची पावती घेतली असती, तर पुढे ती थकबाकी म्हणून दाखवता आली असती.

ऑक्टोबरच का? भिंत वाळल्याशिवाय प्लास्टर आणि रंग टिकत नाहीत. आधी गळती बंद करायची, मग पोपडे खरवडून भिंत मोकळी ठेवायची, पूर्ण वाळल्यावर प्लास्टर, पुट्टी आणि शेवटी रंग, हा क्रम आहे. भर पावसात बाहेरच्या भिंतीचे कामही नीट होत नाही. त्यामुळे ‘पाऊस संपल्यावर बघू’ हे मालकाचे म्हणणे दरवेळी टाळाटाळीचे नसते. त्याच्याकडून दोन तारखा मागाव्यात. एक तात्पुरत्या उपायाची, म्हणजे सुटलेले प्लास्टर काढणे, ओलीजवळचा वीजपुरवठा बंद करणे, बाहेरून ताडपत्री लावणे. दुसरी कायमच्या कामाची. विजेच्या बोर्डाजवळ ओल आली असेल किंवा प्लास्टर पडू लागले असेल, तर तात्पुरत्या उपायासाठी आठवडाभरही थांबू नये.

भाडे देणेच थांबवले तर?

हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. लायसन्सीने रक्कम अडवली की तो कराराचा भंग ठरतो आणि मालकाला करार मुदतीआधी संपवण्याचे कारण मिळते. करार संपल्यावरही घर सोडले नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि घर सोडेपर्यंतच्या काळासाठी दुप्पट शुल्काच्या दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. भिंतीला ओल होती, हा बचाव तिथे टिकत नाही.

खऱ्या भाडेकरूची स्थिती थोडी सुरक्षित आहे. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. दाव्याचे समन्स मिळाल्यानंतरही ९० दिवसांत थकबाकी व्याजासह भरून घर वाचवता येते. पण कलम १४ ची नोटीस न देता किंवा चौथ्या हिश्शाहून अधिक कापले, तर ती जास्तीची कपात थकबाकीच ठरू शकते.

‘शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे देत नाही, अनामत रकमेतून वळवा’ हा प्रकारही सर्रास चालतो. मालकाने लेखी मान्य केले असेल तर ठीक, नाही तर तोही करारभंगच. उलट बाजूने मालकही घर सोडताना ओलीच्या डागांसाठी अनामत कापतो. तिथे जुलैची तारखेनिशी छायाचित्रे आणि त्याला पाठवलेला ईमेल कामी येतो. गळती वेळेवर कळवली होती, एवढे दाखवता आले की तिचे डाग राहणाऱ्याच्या नावावर टाकता येत नाहीत. कळवलेच नसेल आणि वर्षभरात साध्या गळतीचे मोठे नुकसान झाले असेल, तर मात्र मालकाच्या म्हणण्याला वजन येते.

‘एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही’ असे मालक म्हणतात, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. भाड्याच्या उत्पन्नावर कर लावताना मालमत्ता कर वजा केल्यानंतरच्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घराच्या दुरुस्तीचा आणि देखभालीचा खर्च त्यात गृहीत धरलेला असतो, मग मालकाने एक रुपयाही खर्च केलेला नसला तरी.

आदर्श भाडेकरू कायद्यात काय तरतूद आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. त्याच्या परिशिष्टात कामांची यादीच दिली आहे. संरचनात्मक दुरुस्ती, भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, गरजेनुसार पाइप बदलणे आणि वीजवाहिन्यांचे काम मालकाकडे. नळ आणि वॉशर, तुंबलेली मोरी, गिझर, बटणे, कड्या-कुलुपे, खिडकीच्या काचा हे भाडेकरूकडे. मालकाने आपले काम केले नाही तर भाडेकरू ते करून घेऊन पुढील भाड्यांतून कापू शकतो, मात्र एका महिन्यात निम्म्याहून अधिक भाडे कापता येत नाही. घर राहण्याजोगेच उरले नाही आणि लेखी कळवूनही मालकाने दुरुस्ती नाकारली, तर १५ दिवसांची नोटीस देऊन घर सोडता येते.

वरच्या उदाहरणात ही मर्यादा महिना १२ हजार रुपयांची झाली असती आणि ९ हजार एकाच महिन्यात वळते झाले असते. पण हा केवळ नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे आदर्श कायद्याचा हवाला देऊन केलेली कपात इथे टिकणार नाही. त्यातील यादी मात्र करार लिहिताना जशीच्या तशी वापरता येते.

मग करारात काय लिहून घ्यावे?

नोंदणीच्या मसुद्यात जादा अटी घालता येतात. एजंट ‘छापील असतो, बदलत नाही’ म्हणतो, ते खरे नाही. एकच अट पुरेशी आहे. तिचा मजकूर साधारण असा ठेवता येईल : ‘बाहेरून किंवा अन्य सदनिकेतून येणारी गळती व ओल, भिंतींतील पाइप आणि वीजवाहिन्या यांची दुरुस्ती मालकाने करावी. लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत काम सुरू न झाल्यास राहणाऱ्याने सदनिकेतील दुरुस्ती करून घ्यावी आणि पावत्यांनुसार होणारा खर्च, दरमहा निम्म्या रकमेच्या मर्यादेत, पुढील मासिक रकमेतून वळता करावा. घर राहण्यास असुरक्षित झाल्यास ठरावीक किमान मुदतीची अट लागू राहणार नाही.’

शेवटचे वाक्य गाळू नये. अनेक करारांत सहा महिने किंवा वर्षभर घर सोडता येणार नाही, अशी अट असते. छत कोसळायला आले तरी ती अट कागदावर तशीच उभी असते आणि मुदतीआधी निघालेल्याची अनामत तिच्या आधारे अडवली जाते.

घर पाहायला मे महिन्यात गेलात तर भिंती कोरड्याच दिसतील. तेव्हा खिडकीखालचा आणि न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींचा भाग बोटांनी ठोकून पाहावा. पोकळ आवाज आला किंवा एवढ्याच भागाला नवा रंग दिसला, तर गेल्या पावसात तिथे काय झाले होते हे मालकाला संदेश पाठवून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. दोष मालकाला ठाऊक होता की नाही, हा प्रश्न पुढे उभा राहिला तर पुरावा म्हणून तेच उत्तर दाखवता येते.